आत्याचा एक रिपोर्ट, चार उत्तरं: स्नायूंचा निर्देशांक काढताना या चुका टाळा

आत्या ६८ वर्षांची. शरीरातून सौम्य वीज सोडून स्नायू मोजणाऱ्या बायोइम्पिडन्स यंत्रावर उभी राहिली आणि कागद घेऊन घरी आली. त्यावर दोन आकडे होते: SMM १८.५ किलो, ASM १२.४ किलो. निर्देशांक काढायला मी मोठा आकडा उचलला, मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागलं आणि ८.२ आलं. म्हटलं, ‘स्नायू झकास!’ पहिली चूक इथेच झाली. SMM म्हणजे सगळ्या शरीराचे सांगाड्याचे स्नायू. निर्देशांकात मात्र दोन हात आणि दोन पाय एवढीच बेरीज धरतात, म्हणजे ASM.

मग १२.४ घेतले, पण या वेळी उंची आत्याने सांगितली ती धरली: १५५ सेंमी, लग्न जमवताना मोजलेली. उत्तर ५.१६. यंत्रावर उभं राहण्याआधी तिथल्या मुलीने भिंतीला टेकवून मोजली होती ती १५० होती. वयानुसार पाठीचा कणा खचतो, उंची घटते आणि सूत्रात तिचा वर्ग असल्याने पाच सेंटिमीटरही बरेच महाग पडतात. खरं गणित असं:

```
12.4 ÷ (1.50 × 1.50) = 5.51
```

आता हा ५.५१ कमी की ठीक? इथली चूक सर्वांत जास्त दिसते. आशियाई तज्ज्ञगटाच्या (AWGS) २०१९ च्या निकषांत स्त्रियांसाठी डेक्साची, म्हणजे क्ष-किरणांच्या स्कॅनची, मर्यादा ५.४ आहे, बायोइम्पिडन्सची ५.७. पुरुषांना दोन्हीकडे ७.०. आत्याचा आकडा बायोइम्पिडन्सचा, म्हणून ५.७ शी ताडायचा: कमी. डेक्साचा ५.४ लावला असता तर ती सुटली असती. युरोपीय गटाचा ५.५ लावला तरी केसभराने सुटली असती. इंटरनेटवर हे तिन्ही आकडे एकाच तक्त्यात सापडतात, म्हणून आधी यंत्र कोणतं आणि निकष कोणाचे ते पाहा.

‘डेक्सा करूनच घेऊ’ म्हणाल तर चिठ्ठीवर संपूर्ण शरीराचा स्कॅन लिहिलेला हवा. हाडांच्या ठिसूळपणासाठीचा नेहमीचा डेक्सा सहसा कंबर आणि खुबा एवढाच बघतो. त्यात हातापायांचे स्नायू मिळत नाहीत.

पायावर सूज असेल तर दोन्ही यंत्रं फसतात, कारण पाणीही स्नायूंच्या खात्यात जमा होतं आणि आकडा खोटा वाढतो. नडगीवर बोट दाबून खड्डा राहतो का बघा. राहत असेल तर आधी सुजेचं कारण शोधा. पेसमेकर असलेल्यांनी बायोइम्पिडन्स टाळावं.

आत्याच्या हातात मग पकड मोजायचं यंत्र दिलं. २१ किलो भरले. स्त्रियांची मर्यादा १८. खुर्चीवरून हात न टेकता पाच वेळा उठायला तिला ११ सेकंद लागले, मर्यादा १२. चालण्याचा वेगही सेकंदाला एक मीटरच्या वर निघाला. म्हणजे स्नायू कमी, पण ताकद आणि हालचाल शाबूत, त्यामुळे या निकषांनुसार तिला सार्कोपेनिया, म्हणजे वयानुसार स्नायू आणि त्यांची क्षमता घटण्याचा आजार, आहे असं म्हणता येत नाही.