जुन्या वर्षाची इन्कम टॅक्स नोटीस आली, तर मुदत कशी मोजायची?

अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखानदाराचं उदाहरण घेऊ. आकडे कल्पित आहेत, पण असं घडतं. जुळे सोलापुरातला प्लॉट त्यांनी जुलै २०१९ मध्ये ४४ लाखांना घेतला आणि डिसेंबर २०२० मध्ये ६२ लाखांना विकला. रिटर्नमध्ये व्यवहार दाखवायचा राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये कलम १४८अ ची नोटीस आली: ६२ लाखांचं उत्पन्न सुटलं आहे, खुलासा करा.

आधी वर्ष ठरवा. इथेच निम्मे लोक चुकतात. मुदत व्यवहाराच्या तारखेपासून धावत नाही, असेसमेंट इयर संपल्यापासून धावते. डिसेंबर २०२० म्हणजे आर्थिक वर्ष २०२०-२१, असेसमेंट इयर २०२१-२२, आणि ते संपलं ३१ मार्च २०२२ ला.

आता मोजा. १ सप्टेंबर २०२४ पासूनच्या नियमाप्रमाणे १४८अ ची नोटीस तीन वर्षांत निघायला हवी, म्हणजे इथे ३१ मार्च २०२५ पर्यंत. सुटलेलं उत्पन्न ५० लाख किंवा जास्त असेल तरच पाच वर्षं, म्हणजे ३१ मार्च २०२७ पर्यंत. खुलाशानंतर प्रकरण प्रत्यक्ष उघडणाऱ्या पुढच्या १४८ च्या नोटिशीला दोन्हीकडे तीन महिने जास्त मिळतात. (धाडीची प्रकरणं वेगळी.)

म्हणजे आपल्या कारखानदाराचं सगळं प्रकरण ५० लाखांवर येऊन अडतं. ६२ लाख ही विक्रीची रक्कम झाली. कायदा उत्पन्न विचारतो. खरेदीचे ४४ लाख वजा केले की नफा उरतो १८ लाख. कर्नाटक उच्च न्यायालयाने मालमत्ता विक्रीच्या प्रकरणात हाच मुद्दा मान्य केला आहे. तेव्हा तीन वर्षांचीच मुदत लागू, आणि ती कधीच संपली.

पण मुदत संपली म्हणून गप्प बसू नका. उत्तर दिलं नाही, तर अधिकारी हातातल्या ६२ लाखांच्या माहितीवरच आदेश काढेल. पोर्टलवर e-Proceedings मध्ये, नोटिशीत दिलेल्या तारखेच्या आत, दोन्ही खरेदीखतं जोडून मुदतीची हरकत पहिल्याच परिच्छेदात लिहा. नोटीस ज्या ईमेलने आली तो जपून ठेवा. कागदावरची तारीख आणि पाठवल्याची तारीख कधी कधी वेगळी निघते. हरकत फेटाळून १४८ ची नोटीस काढलीच, तर उच्च न्यायालयात रिट याचिका करता येते. ऑगस्ट २०२५ पासून सोलापूरकरांना त्यासाठी कोल्हापूरचं सर्किट बेंच आहे, मुंबई गाठायला नको.

कोणी विचारेल, कर चुकला तर चुकला, मुदत कशाला? कारण हिशेब सिद्ध करायचा बोजा बऱ्याच अंशी करदात्यावरच येतो. इथे खरेदीखत नोंदणीकृत होतं म्हणून निभावलं. तेच भराव, कुंपण यांच्या खर्चाचं असतं, तर दहा वर्षांनी पावत्या फिकट होतात, मजूर ठेकेदार गाव सोडून जातो. खात्याकडे मात्र रजिस्ट्रीची माहिती दरवर्षी आपोआप जाते. ती वेळेत न पाहिल्याचा भुर्दंड पावती हरवलेल्याने भरायचा, हे कायद्याला मान्य नाही. रक्कम मोठी असेल तर दोन वर्षं जास्त दिली आहेत, तीही मोजूनच.