सांकेतिक भाषेच्या अक्षरांचा फोटो-तक्ता वाचताना या चुका टाळा

सांकेतिक भाषेतील इंग्रजी अक्षरे शिकू पाहणाऱ्याच्या हाती बहुतेक वेळा सर्वप्रथम येतो तो मोबाइलवर फिरत आलेला, चौकटी-चौकटींत हातांचे फोटो असलेला एक तक्ता. सव्वीस चौकटींपैकी जवळजवळ प्रत्येकीत एकच हात दिसत असेल, तर तो अमेरिकी सांकेतिक भाषेचा तक्ता असण्याची शक्यता मोठी आहे, आणि पुण्या-मुंबईतील कर्णबधिर व्यक्तीशी बोलण्यासाठी तो पाठ करणे ही पहिलीच चूक ठरते, कारण भारतीय सांकेतिक भाषेत इंग्रजी अक्षरांपैकी बहुसंख्य अक्षरे दोन्ही हातांनी दाखवली जातात. भारतीय अक्षरांसाठी दिल्लीच्या भारतीय सांकेतिक भाषा संशोधन व प्रशिक्षण केंद्राचे साहित्य पाहावे. अमेरिकेत राहणाऱ्या किंवा तेथील कर्णबधिर नातेवाइकांशी, सहकाऱ्यांशी बोलू इच्छिणाऱ्या मराठी माणसाला मात्र हा एकहाती तक्ताच हवा असतो, म्हणून पुढील विवेचन त्याच्यापुरतेच आहे.

तक्ता उघडताच ए पासून सुरुवात करू नये. आधी एलची चौकट शोधावी, कारण फोटो कोणत्या हाताचा आहे आणि कोणत्या बाजूने घेतला आहे, हे एलवरून सर्वांत लवकर कळते. या अक्षरात तर्जनी सरळ वर असते, अंगठा आडवा ताणलेला असतो आणि उरलेली तीन बोटे मिटलेली असतात. चौकटीत तळहाताची बाजू दिसत असेल आणि आकार छापील एलसारखा सुलटा असेल, तर तो उजवा हात आहे आणि फोटो समोरच्या माणसाच्या जागेवरून घेतलेला आहे. हाताची मागची बाजू दिसत असून एल उलटा दिसत असेल, तरीही हात उजवाच; फक्त फोटो खूण करणाऱ्याच्या स्वतःच्या नजरेने घेतलेला आहे. तळहात दिसतो आहे आणि एल मात्र उलटा आहे, असे आढळल्यास तो डावा हात आहे किंवा कोणीतरी फोटो आडवा पलटवला आहे. डावखुऱ्या माणसाने डाव्या हाताने अक्षरे दाखवणे पूर्णपणे योग्य आहे, त्यामुळे डाव्या हाताचा तक्ता चुकीचा नसतो. घोटाळा होतो तो काही चौकटी पलटलेल्या आणि काही न पलटलेल्या असतात तेव्हा. निरनिराळ्या ठिकाणचे फोटो जुळवून केलेल्या तक्त्यांत असे घडते. म्हणून एलवर न थांबता तळहात समोर असलेल्या आणखी दोन-तीन चौकटींत अंगठ्याचे मूळ एलप्रमाणेच त्याच बाजूला आहे की नाही, हे पाहून घ्यावे.

नवशिक्याचा सर्वांत जास्त वेळ जातो तो मिटलेल्या मुठीच्या अक्षरांवर: ए, ई, एम, एन, एस आणि टी. लहान चौकटीतल्या फोटोत ही सहाही अक्षरे एकसारखीच मूठ वाटतात आणि मग शिकणारा मुठीच्या एकंदर ठेवणीवरून अंदाज बांधू लागतो. मुठीकडे न पाहता अंगठ्याकडे पाहावे, कारण यांतील मुख्य फरक अंगठ्याच्या जागेत आहे. ए मध्ये अंगठा तर्जनीच्या कडेला सरळ टेकलेला असतो. एसमध्ये तो मिटलेल्या बोटांच्या पुढून आडवा येतो. ई मध्ये तो बोटांच्या खाली आडवा असतो आणि बोटांची टोके वळून त्याच्यावर टेकतात. म्हणजे एस आणि ई यांत शंका आली, तर अंगठा बोटांच्या पुढे आहे की टोकांच्या खाली, एवढेच तपासावे. उरलेल्या तीन अक्षरांत अंगठा बोटांच्या आत जातो. टीमध्ये त्याच्यावर एकटी तर्जनी असते, एनमध्ये तर्जनी आणि मधले बोट, आणि एममध्ये तर्जनी, मधले बोट व अनामिका अशी तिन्ही बोटे.

येथे मोजण्याची दिशा फार महत्त्वाची आहे. अंगठ्याचे टोक टीमध्ये तर्जनी व मधल्या बोटाच्या फटीतून डोकावते, तर एममध्ये अनामिका व करंगळीच्या फटीतून. चार बोटांमधील फटी तीनच असल्याने, उजव्या हाताच्या फोटोची सवय झालेला माणूस पलटलेल्या चौकटीतही उजवीकडूनच बोटे मोजत गेला, तर त्याला टीच्या जागी एम आणि एमच्या जागी टी मिळतो. म्हणून डावीकडून किंवा उजवीकडून मोजण्याची सवय लावूच नये. अंगठ्याचे मूळ ज्या बाजूला आहे तेथून मोजणी सुरू करावी, म्हणजे फोटो पलटलेला असला तरी उत्तर तेच येते.

याची पडताळणी करण्यासाठी सामंत हे आडनाव उत्तम आहे, कारण इंग्रजीत लिहिल्यावर त्यातील एकूण एक अक्षर मुठीचेच निघते: एस, ए, एम, ए, एन, टी. हात खांद्याजवळ स्थिर ठेवून तळहात समोर करावा. एससाठी अंगठा बोटांच्या पुढे घ्यावा, ए साठी तो कडेला उभा करावा, एमसाठी तीन बोटे थोडी सैल करून अंगठ्यावरून खाली सोडावीत, पुन्हा ए, मग एनसाठी दोन बोटे, आणि शेवटी टीसाठी फक्त तर्जनी अंगठ्यावर ठेवावी. एममध्ये मूठ घट्ट आवळली की अंगठा दडपला जातो आणि समोरच्याला त्यावर किती बोटे आहेत हे ओळखता येत नाही. तक्त्यातील एमच्या चौकटीतही तीन बोटांचे उंचवटे वेगळे दिसत नसतील, तर फोटो मोठा करून उपयोग नाही. त्या चौकटीसाठी दुसरा स्पष्ट फोटो शोधणेच बरे.

दुसरी मोठी गफलत हाताच्या दिशेची आहे. यू आणि एच या दोन्हींत तर्जनी व मधले बोट जोडून सरळ केलेले असते, पण यूमध्ये ती वर असतात आणि एचमध्ये आडवी, शिवाय तळहात स्वतःकडे वळलेला. के आणि पी यांचाही आकार एकच. पीमध्ये हात खाली झुकतो. जी आणि क्यू यांचे नातेही असेच आहे, जी आडवा आणि क्यू खाली. तक्ता तयार करणारे कधी कधी चौकट भरावी म्हणून आडवा हात उभा करतात आणि मग एच हा यूसारखा दिसतो. अशा वेळी मनगट कोठून चौकटीबाहेर जाते ते पाहावे. यूमध्ये ते खालच्या कडेला असते. एचमध्ये ते बाजूच्या कडेला असायला हवे. दोन्ही चौकटींत मनगट खालीच असेल, तर एचचा फोटो फिरवलेला आहे असे समजावे.

जे आणि झेड या अक्षरांत हात हलतो, त्यामुळे स्थिर फोटोत त्यांच्याशेजारी बाण काढलेला असतो. जे करंगळीने आणि झेड तर्जनीने हवेत लिहिला जातो, तोही उजव्या हाताने लिहिणाऱ्याला स्वतःला सुलटा दिसेल असा. म्हणूनच समोरून घेतलेल्या फोटोत जेच्या बाणाचा आकडा छापील अक्षराच्या विरुद्ध, पाहणाऱ्याच्या उजवीकडे वळतो. ती छपाईची चूक मानून हात उलटा फिरवू नये.

स्वतःचा हात तक्त्याशी ताडून पाहताना आरसा किंवा मोबाइलचा पुढचा कॅमेरा वापरला, तर पडद्यावर उजवा हात डाव्यासारखा दिसतो आणि केलेले अक्षर बरोबर असूनही जुळत नाही. मागच्या कॅमेऱ्याने दुसऱ्या कोणाकडून फोटो काढून घ्यावा आणि एलची चौकट शेजारी ठेवून अंगठ्याची बाजू आधी जुळवावी. ती जुळली की बाकीची अक्षरे तपासायला घ्यावीत.