होडी आणि नदीचं गणित: या चुका टाळा

सीईटीत होडीचं गणित आलं की निम्मी पोरं सूत्र आठवत बसतात, आणि प्रश्नात कमीत कमी वेळ विचारलाय का कमीत कमी अंतर हे वाचतच नाहीत. दोन्हीची उत्तरं वेगळी येतात राव.

पंचगंगा घाटावरून पलीकडं जायचंय असं धरा. आकडे सोयीचे घेतलेत, खऱ्या नदीचे नाहीत: पात्र १२० मीटर, होडीचा स्थिर पाण्यातला वेग सेकंदाला ५ मीटर आणि प्रवाह ३.

वेळ वाचवायचा असेल तर होडीचं नाक काठाला काटकोनात ठेवा. प्रवाह होडीला फक्त खाली ढकलतो, पलीकडं न्यायला त्याची काडीची मदत नाही, त्यामुळं पूर्ण ५ आडवं जाण्यात खर्च झाला की वेळ सगळ्यात कमी, १२० भागिले ५ म्हणजे २४ सेकंद. तेवढ्यात होडी ३ गुणिले २४ म्हणजे ७२ मीटर खाली वाहत जाते. इथं पोरं काय करतात, ५ आणि ३ चा परिणामी वेग ५.८३ काढतात आणि १२० ला त्यानं भागून २०.६ सेकंद लिहून मोकळी होतात. अरे पण ५.८३ हा तिरक्या वाटेवरचा वेग आहे, आणि ती वाट १२० नाही, जवळपास १४० मीटर आहे. १४० ला भागून बघा, परत २४ च येतात.

आता बरोबर समोरच लागायचंय. मग नाक प्रवाहाच्या उलट बाजूला कलवायचं, इतकं की होडीच्या वेगातला ३ चा भाग प्रवाहाला तोडीस तोड होईल. सगळ्यात जास्त मार्क इथंच जातात, कारण लोक टॅन ३/५ घेतात. आकृती काढली की कळतं, होडीचा ५ हा कर्ण आहे, म्हणून साइन ३/५, कोन ३७ अंश, आडवा वेग ४ आणि वेळ ३० सेकंद. टॅन घेतला तर कोन ३१ अंश येतो आणि होडी १२ मीटर खाली लागते. आणि हो, हा ३७ काठाच्या लंबापासून मोजलेला, प्रवाहापासून विचारलं तर १२७. ऑप्शनमधे बहुतेक दोन्ही दिलेले असतात, मुद्दामच.

पावसाळ्यात पाणी चढलं, प्रवाह ६ झाला तर? साइन ६/५ आलं की कॅल्सी एरर दाखवतो, आणि पोरं आपलंच चुकलं म्हणून खोडतात. चुकलेलं काही नाही, ५ च्या होडीनं समोर लागणं शक्यच नाही. फक्त वाहणं कमी करता येतं, त्यासाठी साइन उलटा, ५/६ घ्यायचा, कोन साधारण ५६ अंश, होडी ८० मीटरच्या आसपास खाली लागते आणि ४३ सेकंद लागतात. नाक सरळ ठेवलं असतं तर २४ सेकंदात पोचली असती, पण १४४ मीटर खाली.