गेम डिझाइन डॉक्युमेंट लिहिताय? आधी या चुका टाळा

जुळे सोलापुरातली तिघांची टीम आहे, एक प्रोग्रामर, एक आर्टिस्ट आणि एक जण डिझाइन, साउंड आणि उरलेलं सगळं. गेमची आयडिया भारी आहे, गड्डा यात्रेत होम मैदानावर तुमचा स्टॉल, गिऱ्हाईक येतं, कडक भाकरी नाहीतर शेंगा चटणी मागतं, पटापट द्यायचं. डॉक्युमेंट मात्र चाळीसेक पानांचं, आणि पहिली बारा पानं स्टॉलवाल्या आजोबांच्या इतिहासावर! प्रोग्रामरनं ते एकदा उघडलं, परत काय बघितलंच नाही, त्यानंतर सगळे प्रश्न थेट व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर.

पानं जास्त ही चूक आहेच, पण ती सगळ्यांना दिसते. खरा घोटाळा आतल्या वाक्यांत असतो. ह्याच गेममधलं एक वाक्य बघा:

"गिऱ्हाईक वाट बघून कंटाळलं की रागावून निघून जाईल, प्लेयरला टेन्शन आलं पाहिजे."

वाचायला झकास. आता ह्याचा कोड लिहायला बसा. टायमर कधी सुरू करायचा, रांगेत लागल्यावर की काउंटरला आल्यावर? चुकून भाकरीऐवजी चटणी दिली तर काय? मधेच फोन आला आणि अ‍ॅप बॅकग्राउंडला गेलं तर टायमर चालूच का? टायमर शून्य झाला तेव्हा ताट हवेत असेल तर ते धरायचं की नाही? वाक्यात ह्यातलं काहीच नाही, म्हणजे प्रोग्रामर स्वतःच्या मनानं ठरवणार, आणि दोन आठवड्यांनी डिझायनर म्हणणार "असं नव्हतं सांगितलं मी". सांगितलंच नव्हतं की काहीच!

तेच असं लिहा:

"टायमर गिऱ्हाईक काउंटरला आल्यावर सुरू, रांगेत नाही. चुकीचा पदार्थ दिला तर वेळ कमी होतो, गिऱ्हाईक थांबतं. शून्य झालं की निघून जातं आणि एक राग वाढतो, राग पुरे झाले की दिवस संपला. अ‍ॅप बॅकग्राउंडला गेलं की टायमर थांबतो. ताट हातातून सुटल्यावर शून्य झालं तरी ते दिलं असंच धरायचं. कारण: ज्याला अजून काही देताच येत नाही त्याच्यासाठी प्लेयरला शिक्षा नको."

ते शेवटचं "कारण" लोक हमखास गाळतात आणि माझ्या मते सगळ्यात कामाचं तेच असतं. उद्या रांगेत एखादं लहान पोर आणायचं ठरलं तर त्याचा टायमर कुठून सुरू करायचा हे प्रोग्रामरला कुणाला न विचारता कळतं.

ह्यात एकही आकडा नाही हे लक्षात आलं का? मुद्दाम. डॉक्युमेंटमध्ये 20 सेकंद, कोडमध्ये कुणीतरी टेस्टिंगला 12 करून ठेवलेले, आणि टेस्ट करणारा म्हणतो गेम लई अवघड आहे, मग खरा आकडा कुठला ह्यावरच संध्याकाळ जाते. आकडे एकाच फाइलमध्ये ठेवा, गेमनंही तिथूनच वाचायचे, आणि डॉक्युमेंटमध्ये नुसतं त्या फाइलचं नाव, समजा `balance.json`:

```json
{
  "patience_sec": 20,
  "wrong_item_penalty_sec": 5,
  "max_angry": 3
}
```

डिझायनर 20 चे 18 करतो, गेम परत चालवून बघतो, प्रोग्रामरला हात लावायची गरज नाही. हे आकडे पण सुरुवातीचे अंदाज, खेळून बघितल्याशिवाय बरोबर आकडा कुणालाच माहीत नसतो, तेव्हा त्यावर मीटिंगा घालवू नका.

आता डॉक्युमेंट मेलंय हे ओळखायचं कसं? सोपं आहे. ग्रुपवर "अरे ते चुकीच्या ऑर्डरचं काय ठरलं होतं?" असा मेसेज आला आणि उत्तर तिथेच टाइप झालं, की समजा गेलं. उत्तर आधी डॉक्युमेंटमध्ये लिहायचं आणि ग्रुपवर फक्त लिंक टाकायची. आणि डॉक्युमेंट कोडच्याच गिट रिपोमध्ये साधी टेक्स्ट फाइल म्हणून ठेवलं तर नियम बदलणारा त्याच कमिटमध्ये ओळही बदलतो, कुणी कधी काय बदललं ते दिसतं. आर्टिस्टला गिट जमत नसेल तर शेअर केलेलं ऑनलाइन डॉक्युमेंट चालेल, फक्त कॉपी एकच ठेवा, "फायनल 2" वगैरे नको.

स्टोन लिब्रांड नावाच्या डिझायनरनं 2010 मध्ये जीडीसी ह्या गेम डेव्हलपर्सच्या कॉन्फरन्समध्ये एका पानाच्या डिझाइनवर टॉक दिला होता, मधे एक मोठं चित्र आणि भोवती छोट्या नोट्स अशी ती पद्धत. स्टॉलच्या स्क्रीनला ती मस्त बसते, काउंटर, रांग, तवा काढा आणि बाण मारा. पण टायमरसारखे "असं झालं तर काय" वाले नियम चित्रात मावत नाहीत, ते खाली ओळीतच लिहावे लागतात.

आजोबांचा इतिहास? वेगळ्या फाइलमध्ये टाका, आर्टिस्टला मिशीचा आकार ठरवायला उपयोगी पडेल. आणि मुख्य पानावर "ह्या व्हर्जनमध्ये नाही" अशी यादी करा: मल्टिप्लेयर नाही, आकाशपाळणा नाही, दुसरा स्टॉल नाही. कुणी आकाशपाळण्याची आयडिया घेऊन आलं की वाद घालायचा नाही, यादीतली ती ओळ दाखवायची, आणि खरंच हवा असेल तर त्याच्या बदल्यात काय काढायचं ते त्याच्याच हातानं लिहून घ्यायचं.