या चुका टाळा: पडद्यावरच्या भजनात ध्रुवपद कुठे आणि किती

श्रावणात वास्कोच्या दामोदर सप्ताहाचे दिवस जवळ आले की गोव्यातल्या गावोगावच्या भजनी मंडळांत तालमी सुरू होतात. आता अनेक देवळांच्या सभामंडपात पडदा लावून अभंगाचे शब्द दाखवतात. बसलेल्या सगळ्यांना म्हणता यावे, एवढाच त्यामागचा हेतू. पण बुवा पहिल्या कडव्यावरून ध्रुवपदावर येतात आणि पडद्यावर दुसरे कडवे उभे असते. मंडपातला आवाज तिथेच बसतो. स्लाइडचा क्रम चुकल्याची याहून स्पष्ट खूण नाही.

पुस्तकातला क्रम तसाच उतरवणे

तुकोबांच्या गाथेत बहुतेक अभंगांत ‘ध्रु.’ ही खूण दुसऱ्या कडव्यापुढे छापलेली असते. गाताना मात्र अनेक बुवा पहिलीच ओळ ध्रुवपद म्हणून धरतात आणि दुसरे कडवे एकदाच म्हणतात. छापील खुणेवरून स्लाइड केल्या, तर भलतीच ओळ पुन्हा पुन्हा पडद्यावर येते. म्हणून आधी तालमीचे मोबाइलवर ध्वनिमुद्रण करा. मग कागद घेऊन ऐका आणि प्रत्येक कडव्यानंतर बुवा कोणत्या ओळीवर परततात, ते लिहा. त्याच अभंगाची दुसऱ्या मंडळाची चाल वेगळी असेल, तर क्रमही वेगळा लागेल. यूट्यूबवरच्या गायकावरून ठरवू नका. पडदा आपल्या बुवांसाठी आहे.

अर्धे ध्रुवपद विसरणे

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. नमुन्यासाठी जुळवलेले हे ध्रुवपद पाहा:

दामोदरा देवा दाखवी चरण
निवू दे हे मन माझे आता

आणि पहिले कडवे:

टाळमृदंगाचा घुमतो गजर
नाचते अंतर तुझ्या दारी

समजा अभंगाला अशी तीन कडवी आहेत. सुरुवातीला बुवा दोन्ही ओळी म्हणतात. पहिल्या आणि दुसऱ्या कडव्यानंतर मात्र फक्त ‘दामोदरा देवा दाखवी चरण’ एवढ्यावर येतात, साथीदार तीच ओळ उचलतात आणि लगेच पुढचे कडवे लागते. शेवटी पुन्हा पूर्ण ध्रुवपद. आता प्रत्येक ठिकाणी पूर्ण ध्रुवपदाची स्लाइड ठेवली, तर लोक दुसरी ओळही म्हणू लागतात आणि बुवांच्या पुढच्या कडव्यावर आदळतात. म्हणून अर्ध्या ध्रुवपदाची एका ओळीची वेगळी स्लाइड करायची. मजकूर पाच स्लाइडचा, पण दाखवायच्या स्लाइड सात: पूर्ण ध्रुवपद, पहिले कडवे, अर्धे, दुसरे, अर्धे, तिसरे, पूर्ण.

गाण्यांचे शब्द पडद्यावर दाखवणारे ओपनएलपी हे सॉफ्टवेअर वापरत असाल तर प्रत्येक तुकडा एकदाच टाइप करा. पूर्ण ध्रुवपदाला C1, अर्ध्याला C2 आणि कडव्यांना V1 ते V3 अशी नावे द्या. मग ‘Verse order’च्या रकान्यात एवढेच लिहा:

```
C1 V1 C2 V2 C2 V3 C1
```

हा रकाना रिकामा राहिला तर तुकडे टाइप केलेल्या क्रमाने एकेकदाच दिसतात. ध्रुवपद आपोआप परत येत नाही.

तीच ओळ बुवा जागेवर चारदा आळवत असतील, तर त्यासाठी चार स्लाइड नकोत. स्लाइड तशीच राहू द्यावी.

शब्द तपासण्याआधी प्रती काढणे

पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेसमध्ये ध्रुवपदाच्या प्रती काढाव्याच लागतात. नंतर कुणी जाणते माणूस ऱ्हस्वदीर्घ सुधारून देते, ती सुधारणा एकाच प्रतीत होते आणि तेच ध्रुवपद पडद्यावर दोन तऱ्हांनी दिसते. आधी पाचही तुकडे बुवांना वाचून दाखवा, मगच प्रती काढा.

जुन्या बिगर-युनिकोड फॉन्टमधला मजकूर देवळाच्या लॅपटॉपवर अगम्य अक्षरे होऊन येतो. तो युनिकोडमध्येच घ्या.

ओळ कुठेही तुटू देणे

अक्षर मोठे केले की लांब ओळ आपोआप खाली जाते आणि ‘माझे’ वर, ‘आता’ खाली असे होते. वाचणारा तिथे अडखळतो. ओळ यतीवर स्वतः तोडा, म्हणजे ‘निवू दे हे मन’नंतर Shift+Enter. ओळींमधले अंतर एकपटीपेक्षा थोडे जास्त ठेवा, नाहीतर खालच्या ओळीची वेलांटी वरच्या ओळीच्या उकाराला भिडते.

कडवे संपल्यावर स्लाइड बदलणे

कडव्याचा शेवटचा चरण सुरू झाला की स्लाइड बदला. तो चरण तोवर लोकांच्या तोंडात आलेला असतो. पुढचा शब्द त्यांना आधी दिसायला हवा. बुवा रंगात येऊन मध्येच ध्रुवपदावर परतले, तर स्लाइड शोमधून बाहेर पडू नका. पॉवरपॉइंट किंवा इम्प्रेसमध्ये ध्रुवपद पहिल्या स्लाइडवर असेल तर 1 दाबून Enter करा, ते लगेच समोर येते. पुढच्या कडव्यासाठीही त्याच्या स्लाइडचा आकडा आणि Enter. म्हणून सात स्लाइडचा क्रम आकड्यांसह कागदावर लिहून लॅपटॉपशेजारी ठेवा.