मैत्रिणीच्या लग्नाच्या कार्डावर चार ओळी लिहिताना या चुका टाळा

जिवाभावाच्या मैत्रिणीचं लग्न ठरलं आणि आहेरासोबतच्या कार्डावर छापील मजकुराऐवजी स्वतःच्या ओळी लिहायच्या असं मी ठरवलं. पहिल्या बैठकीत हे उतरलं:

दोन जिवांची जुळली प्रीत,
संसाराची हीच रीत,
सुखदुःखात द्यावी साथ,
कधी न सुटो हातातला हात.

भावना खरी होती, तरी वाचताना ती कुठे दिसेना. नाव बदललं की हेच कार्ड कुठल्याही मांडवात चाललं असतं. पहिली चूक इथेच होती: मी यमकापासून सुरुवात केली होती. ‘प्रीत’ लिहिलं की ‘रीत’ आपसूक येते आणि मग ती कसली रीत, हे कुणी विचारत नाही. ‘साथ’ आणि ‘हात’ यांचं तर यमकही पुरतं जुळत नाही, पण कान इतके सरावलेत की ते खटकत नाही. म्हणून आधी यमक बाजूला ठेवा आणि तिच्याबद्दलची एक गोष्ट साध्या गद्यात लिहून काढा.

दुसऱ्या खेपेला मी ‘प्रेमळ’, ‘गुणी’, ‘हसरी’ अशी विशेषणं मांडली. तीही कुणालाही लागू पडतात. विशेषण सुचलं की ते तुम्हाला कशावरून वाटलं, ते आठवा. आम्ही दोघी एका खोलीत राहायचो. माझी रात्रपाळी असली की ती माझं ताट वाढून, वर दुसरं ताट पालथं घालून ठेवायची. खोलीत शिरल्यावर आधी ते ताट दिसायचं. ‘प्रेमळ’ म्हणजे हे ताट, एवढं कळल्यावर पुढचं काम सोपं झालं.

आता साचा. मुक्तछंदात चार ओळी लिहायला हरकत नाही, पण नवख्याच्या हातून लय सुटते. वरच्याच ओळींची अक्षरं मोजा: 10, 8, 9, 11. म्हणूनच शेवटची ओळ वाचताना धाप लागते. मला मोठ्या अभंगाचा साचा फार कामाचा वाटतो. त्यात चार चरण असतात, पहिल्या तिघांत सहा-सहा अक्षरं, चौथ्यात चार, आणि यमक फक्त दुसऱ्या-तिसऱ्या चरणात. एकच यमक जुळवायचं असल्यामुळे ओढूनताणून शब्द आणावे लागत नाहीत. जोडाक्षर एकच धरायचं, आणि ‘ताट’सारख्या शब्दातलं शेवटचं अक्षर बोलताना तोकडं झालं तरी मोजताना पूर्ण धरायचं.

उशीर झाला की
झाकलेले ताट
पाहायचे वाट
माझ्यासाठी.

एवढ्यावर थांबले असते तर आणखी एक चूक झाली असती, आणि जवळच्या मैत्रीत ती हमखास होते: सगळं कार्ड आपल्याच आठवणींचं होतं आणि नवरदेव त्यात कुठेच नसतो. ‘तुझ्याविना खोली सुनी’ असं काही लिहिलं, तर ती शुभेच्छा न राहता आपली तक्रार होते. म्हणून दुसरं कडवं त्या दोघांचं केलं. आधी ‘आता तुझ्या घरी’ असं सुचलं होतं, ते खोडून ‘तुमच्या घरात’ केलं. अक्षरं सहाच राहिली आणि घर दोघांचं झालं.

तुमच्या घरात
कुणी आधी येवो,
दुसऱ्याला ठेवो
ऊन पोळी.

‘कुणी’ हा शब्द मी मुद्दाम ठेवला. ताट झाकून ठेवायचं काम पुन्हा तिच्या एकटीच्या गळ्यात पडू नये, ही माझी मनापासूनची इच्छा त्यात आहे, आणि ती उपदेश न करता पोचते.

कार्ड फक्त तीच वाचणार नाही, हेही ध्यानात ठेवा. सासूबाई, नणंदा, काकामंडळी, सगळ्यांच्या हातातून ते फिरतं. जुनी फजिती, आधीचं प्रेमप्रकरण, फक्त दोघींनाच कळणारी टोपणनावं यांना तिथे जागा नको. आठवण अशी निवडा, की अनोळखी माणसालाही ती न समजावता कळेल.

सही करताना ‘शुभाशीर्वाद’ लिहू नका. तो मान थोरांचा. बरोबरीच्या मैत्रिणीने ‘तुझी’ म्हणून खाली नाव लिहावं. अभंगाच्या ओळी आखूड असल्याने दोन कडवी कार्डाच्या डाव्या पानावर सहज मावतात. आधी पेन्सिलीने आखून घ्या, दोन कडव्यांत एका ओळीची जागा सोडा, आणि शाई पूर्ण वाळल्यावरच कार्ड मिटा.