मॉइश्चरायझरने पुरळ आलं, पैसे परत कसे मिळाले

जळगावच्या उन्हाळ्यात कातडी कोरडी पडते म्हणून नवं मॉइश्चरायझर ऑनलाइन मागवलं. तिसऱ्या दिवशी गालांवर आणि मानेवर लाल, खाजरं पुरळ उठलं. वापरणं थांबवलं, त्वचारोगतज्ज्ञांनी मलम दिलं, आठवड्यात उतरलं.

कंपनीला पहिलं पत्र मी रागाच्या भरात लिहिलं. उत्तर आलं, 'उन्हामुळेही होऊ शकतं.' चूक माझीच होती, पत्रात पुरावाच नव्हता.

मग डॉक्टरांना विचारून, त्वचा पूर्ण बरी झाल्यावर, तेच मॉइश्चरायझर फक्त डाव्या कोपराच्या आतल्या बाजूला दिवसातून दोनदा लावलं. उजवा हात मोकळा ठेवला. तिसऱ्या दिवशी डाव्या हातावरच पुरळ आलं. अ‍ॅलर्जी अशी दोन-तीन दिवसांनी उमटते, त्यामुळे एकदा लावून काही झालं नाही म्हणजे चालतं असं समजू नका. (आधी तीव्र त्रास झाला असेल तर हे घरी करूच नका.)

दुसरं पत्र तक्रार निवारण अधिकाऱ्याच्या नावे लिहिलं:

'ऑर्डर क्रमांक, बॅच क्रमांक आणि वापराच्या तारखा खाली दिल्या आहेत. दोन्ही हातांचे फोटो, डॉक्टरांची चिठ्ठी व बिल जोडलं आहे. बाटली जपून ठेवली आहे. पूर्ण रक्कम मूळ खात्यात परत करावी.'

ई-कॉमर्सच्या 2020 च्या नियमांनुसार तक्रारीची पोच 48 तासांत आणि निवारण महिन्याभरात व्हायला हवं, तेही लिहिलं. पोच दुसऱ्याच दिवशी आली, पैसे नवव्या दिवशी. नसते आले तर 1915 या ग्राहक हेल्पलाइनला फोन करणार होते.